पाच वर्षांत काय व्हायचं थांबलं?

आमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या ताईंना यंदा पाच वर्षं झाली. कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांच्यासाठी चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिला मसुदा दोन मिनिटांत झाला: ‘मेहनती, हसतमुख, सदैव मदतीला तत्पर अशा ताईंना हार्दिक शुभेच्छा!’ मग ताईंच्या जागी कॅन्टीनच्या मावशी घालून वाचलं, गेटवरचे काका घालून वाचलं. मजकूर तिघांनाही सारखाच बसत होता. म्हणजे ताईंबद्दल त्यात काहीच नव्हतं.

स्टोअरचं काम नीट झालं की दिसेनासं होतं. विक्रीवाल्यांनी आणलेली मोठी ऑर्डर सगळ्यांना ठाऊक असते. वेळेवर हातात पडलेला ड्रिल कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून ताईंशी रोज संबंध येणाऱ्या तिघांना गाठलं: दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर, मेंटेनन्सचा फिटर आणि परचेसमधला सहकारी. ‘ताई कशा आहेत?’ असं विचारलं तर ‘एकदम चांगल्या’ एवढंच मिळालं असतं. मी विचारलं, ‘ताई आल्यापासून तुमचं काय व्हायचं थांबलं?’

ऑपरेटर लगेच म्हणाला, ‘इन्सर्टसाठी मशीन थांबायचं.’ इन्सर्ट म्हणजे कटिंग टूलच्या टोकावर बसणारा छोटा तुकडा. झिजला की बदलावा लागतो. पूर्वी रात्री डबी उघडली की ती रिकामी निघायची. ताईंनी रोज लागणाऱ्या इन्सर्टचा साठा दोन डब्यांत विभागला. पहिला डबा संपला की त्यातलं कार्ड परचेसकडे जातं आणि नवा माल येईपर्यंत दुसरा डबा पुरतो.

फिटरने ओ-रिंगची गोष्ट सांगितली. नायट्राइल आणि व्हायटन या दोन्ही रबरांच्या रिंगा काळ्या असल्या तर नजरेला सारख्याच दिसतात. पण गरम तेलात नायट्राइल लवकर कडक होतं आणि गळती लागते. एकदा व्हायटनच्या डब्यातली मूठभर रिंगा देताना ताईंचा हात थांबला. व्हायटन वजनाला जड असतं आणि त्या रिंगा हलक्या लागल्या. त्यांनी त्याच मापाच्या दोन्ही रिंगा वजनकाट्यावर ठेवल्या, सगळा डबा निवडला आणि तेव्हापासून व्हायटनच्या डब्यांना हिरवी झाकणं लावली.

एवढं मिळाल्यावर लगेच लिहायला बसायचं नसतं. आधी पडताळायचं. इश्यू रजिस्टर पाहिलं तेव्हा ओ-रिंगच्या गोष्टीची तारीख सापडली. दोन डब्यांमुळे किती पैसे वाचले, याची मात्र कुठेच नोंद नव्हती. म्हणून ‘लाखो रुपये वाचवले’ हे वाक्य मी घातलं नाही. परचेसच्या सहकाऱ्याने सांगितलं की कार्डाचा नमुना त्याने आणि ताईंनी मिळून केला होता. त्याचा वाटा लिहिला नसता, तर ताईंचं कौतुक वाचताना त्याला डावलल्यासारखं वाटलं असतं. रिंगा कुणाच्या हातून मिसळल्या, हे मात्र मुद्दाम वगळलं. एकाच्या सत्कारात दुसऱ्याची चूक चव्हाट्यावर येऊ नये.

शेवटी मसुदा ताईंना दाखवला. घरी आजारपण असतानाही त्या सुट्टी न घेता आल्या, असं मी लिहिलं होतं. ‘ते काढा,’ त्या म्हणाल्या. ‘घरातलं आहे. आणि ते वाचून उद्या कुणाला सुट्टी मागायला संकोच वाटेल.’ मी ते वाक्य काढलं.

ग्रुपवर गेला तो मजकूर असा:

‘ताई, आज तुम्हाला स्टोअरमध्ये पाच वर्षं झाली. पूर्वी रात्री इन्सर्ट संपला की मशीन सकाळपर्यंत उभं राहायचं. तुम्ही दोन डबे केले, परचेसबरोबर बसून कार्ड तयार केलं आणि दुसऱ्या शिफ्टची ती अडचण मिटली. वजनाच्या फरकावरून तुम्ही चुकीच्या ओ-रिंगा ओळखल्या, म्हणून त्या मशीनवर चढल्या नाहीत. हिरवं झाकण पाहिलं की आता नवा मुलगाही बरोबर रिंग मागतो. मनापासून आभार.’

यात एकही विशेषण ताईंना लावलेलं नाही. आधी काय व्हायचं, त्यांनी काय केलं आणि आता काय होतं, एवढंच आहे. दोन प्रसंग घेतले. पाच घेतले असते तर तो कामाचा अहवाल झाला असता.

संध्याकाळी त्याच मजकुराखाली पहिल्या शिफ्टच्या एका ऑपरेटरने लिहिलं, ‘ड्रिलसाठीही दोन डबे करता येतील का?’ दुसऱ्या दिवशी सकाळी ताई स्टोअरमध्ये ड्रिल मोजत होत्या.