पाय रेषेवर, चेंडू जाळीवर

बेळगावातल्या आमच्या मातीच्या कोर्टावर रविवारी सकाळी निपाणीची मंडळी डबल्स खेळायला येतात. पंच कोणीच नसतो. जाळीच्या आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. त्यावरून फारसं वाजत नाही. वाजतं ते दोन गोष्टींवरून, सर्व्ह करणाऱ्याचा पाय आणि जाळीला चाटून गेलेली सर्व्ह.

आधी पाय. सर्व्हची हालचाल सुरू झाल्यापासून रॅकेट चेंडूला लागेपर्यंत बेसलाइनला किंवा आतल्या जमिनीला पाय लागता कामा नये. लागला तर फूट फॉल्ट. पाय रेषेवरून हवेत पुढे गेला तर चालतं, आणि चेंडू मारून झाल्यावर कोर्टात कितीही आत उतरलात तरी चालतं. मधल्या खुणेची काल्पनिक रेघही मागे वाढवून धरायची. तिलाही पाय लागायला नको. मधल्या खुणेला खेटून उभं राहणाऱ्यांचा मागचा पाय इथेच फसतो, आणि तिकडे बघतंय कोण!

मातीच्या कोर्टावर एक गंमत होते. पॉइंट संपला की कोणीतरी बुटाचा ठसा दाखवतं, "हे बघ मर्दा, रेषेवर आहे!" पण तो ठसा चेंडू मारायच्या आधीचा की नंतरचा, हे माती सांगत नाही. उडी मारून सर्व्ह करणाऱ्याचा पाय रेषेवर किंवा आत उतरणारच. म्हणून नुसता ठसा पुरावा धरू नये.

मग समोरच्याने फूट फॉल्ट द्यावा का? एका बेसलाइनपासून दुसरी ७८ फुटांवर असते. सर्व्ह घेणाऱ्याची नजर चेंडूवर. बोटभर सरकलेला पाय त्याला दिसणं कठीणच. पंचाविना होणाऱ्या सामन्यांसाठी अमेरिकेच्या टेनिस संघटनेने 'द कोड' नावाची नियमावली केली आहे. तिच्यात म्हटलंय, आधी समोरच्याला सांगा, मग अधिकारी मिळतो का पाहा, आणि तरीही पाय ढळढळीत आत येत असेल तरच फॉल्ट द्या. मला हे पटतं. आमच्याकडे अधिकारी कुठून आणणार? म्हणून बाजू बदलताना हळूच कानावर घालायचं, ऐन ३०-४० ला ओरडायचं नाही. त्या घटकेला काय होतं ते २००९ च्या यूएस ओपनमध्ये दिसलं. उपांत्य सामन्यात किम क्लाइस्टर्सविरुद्ध सेरेना विल्यम्स दुसऱ्या सेटमध्ये ५-६, १५-३० अशी मागे होती. दुसऱ्या सर्व्हवर रेषापंचाने फूट फॉल्ट दिला. १५-४०, म्हणजे मॅच पॉइंट. त्यानंतर तिने रेषापंचाला बोललेल्या शब्दांचा दंड म्हणून पुढचा पॉइंटही गेला, आणि सामना तिथेच संपला. तिथे निदान रेषेवर नजर ठेवायला माणूस बसवलेला होता.

स्वतःचा पाय तपासायला मोबाइल बेसलाइनच्या टोकाला, रेषेच्या अगदी सरळीत जमिनीवर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये घ्या. रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी चित्र थांबवा आणि तिथून थोडं थोडं मागे जाऊन बघा. बहुतेकांचा मागचा पाय पुढच्याला येऊन भिडतो आणि पुढचा ढकलला जाऊन सरकतो. वीतभर मागे उभं राहिलं की एवढा प्रश्न सुटतो.

आता लेट. सर्व्ह जाळीला किंवा तिच्या वरच्या पट्टीला लागून योग्य चौकोनात पडली, तर ती सर्व्ह पुन्हा. जाळीला लागून बाहेर पडली तर साधा फॉल्ट. समजा, पहिली सर्व्ह बाहेर गेली आहे. दुसरी जाळीला चाटून आत पडली. घेणाऱ्याने जोरात परतवली आणि चेंडू कोणाच्याही हाती न लागता निघून गेला. आता सर्व्ह करणारा म्हणतो, "लेट होती." उशीर झाला! 'द कोड'प्रमाणे लेट चौघांपैकी कोणीही देऊ शकतो, पण परतलेला चेंडू खेळातून बाद व्हायच्या किंवा सर्व्ह करणाऱ्या जोडीने मारायच्या आत. फटका कसा बसला ते बघून ठरवायचं नाही. आणि वेळेत लेट दिली, तरी मिळते ती एकच, दुसरी सर्व्ह. "घे दोन" म्हणणारे उदार काका आमच्याकडे बरेच आहेत, पण लेटमुळे आधीचा फॉल्ट पुसला जात नाही. रॅली चालू असताना शेजारच्या कोर्टावरचा चेंडू घरंगळत आला आणि खेळ थांबवला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पूर्ण पॉइंट नव्याने, म्हणजे दोन सर्व्ह.

जाळीचा तो बारीक आवाज एकालाच ऐकू येतो, आणि नेमकी तीच सर्व्ह बिनतोड असते, तेव्हा संशय येणारच. अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसच्या वरच्या श्रेणीत पुरुषांच्या सामन्यांतून याच कारणाने लेटच काढून टाकली. जाळीला लागून आत पडली की खेळायची. पुढच्या रविवारी निपाणीकरांसमोर हाच प्रस्ताव ठेवणार आहे, पण टॉसच्या आधी.