राग बदलला की सतारीचे पडदे का सरकतात? तरफेच्या तारांशी त्याचा संबंध काय?

सतारीच्या मैफलीत एक राग संपला की वादक लगेच दुसरा सुरू करत नाही. तो दांडीवरचे काही पडदे बोटाने थोडे मागेपुढे सरकवतो, मग बाजूच्या छोट्या खुंट्या पिळत बसतो. पहिल्यांदा ऐकायला आलेल्याला वाटतं, तारा उतरल्या असाव्यात. प्रत्यक्षात वादक त्या वेळी सतार नव्या रागासाठी बदलत असतो. हे काम अर्धवट राहिलं, तर बोटं बरोबर पडूनही सतार मंद वाजते. असं का होतं?

पडद्यांच्या खाली काय असतं?

सतार बाजूने पाहिली तर तारांचे दोन मजले दिसतात. वरच्या मजल्यावर वाजवायच्या सहा-सात तारा असतात. त्यांतली मुख्य म्हणजे बाजाची तार. उजव्या हाताच्या तर्जनीत घातलेल्या नखीने ती छेडली जाते. खालच्या मजल्यावर साधारण ११ ते १३ बारीक पोलादी तारा असतात. त्या म्हणजे तरफ. त्यांच्यासाठी वेगळी छोटी घोडी असते आणि दांडीच्या कडेला स्वतंत्र छोट्या खुंट्या असतात.

या दोन मजल्यांच्या मध्ये पडदे येतात. गिटारचे पडदे लाकडात पक्के ठोकलेले असतात. सतारीचे पडदे मात्र कमानीसारखे वाकवलेले धातूचे असतात आणि दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. कमानीमुळे खालून तरफेला मोकळी जागा मिळते आणि वर तार आडवी ओढून मींड घेता येते. दोऱ्यामुळे पडदा सरकवता येतो.

सगळ्या स्वरांना पडदे का नाहीत?

एका सप्तकात १२ स्वर असतात. सतारीवर साधारण १९ किंवा २० पडदे असतात आणि त्यात दोन सप्तकांहून थोडी कमी जागा सामावते. त्यामुळे काही स्वरांना स्वतःचा पडदा मिळत नाही. बहुतेक सतारींवर मध्य सप्तकात दोन्ही गंधार, दोन्ही मध्यम आणि दोन्ही निषाद यांना वेगळे पडदे असतात. रिषभ आणि धैवत यांना मात्र एकेकच पडदा असतो. तो शुद्ध ठेवायचा की कोमल, हे राग ठरवतो.

यमन संपवून भैरव वाजवायचा आहे असं धरू. यमनात रिषभ आणि धैवत शुद्ध, भैरवात दोन्ही कोमल. कोमल स्वर खालचा, म्हणजे तारेची लांबी जास्त हवी. म्हणून हे पडदे खुंट्यांच्या बाजूला सरकवावे लागतात. किती, ते गणिताने काढता येतं. बाजाची तार मंद्र मध्यमात मिळवलेली असते. तिची लांबी सुमारे ८८ सेंटिमीटर धरली, तर मध्य सप्तकातला रिषभाचा पडदा जवळजवळ ३ सेंटिमीटर सरकतो. धैवताचा पडदा मात्र साधारण दोन सेंटिमीटरच सरकतो. घोडीकडे जावं तसतशी पडद्यांमधली अंतरं कमी होत जातात, म्हणून हा फरक. तार सप्तकातला रिषभ तर दीड सेंटिमीटरच्या आसपासच हलतो. मध्यमाचे दोन्ही पडदे हजर असल्याने तिथे काही करावं लागत नाही.

पडदे बदलले, तरफ राहिली तर?

आता तरफेकडे येऊ. बाजाची तार छेडली की तिचं कंपन घोडीतून तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या पातळ लाकडी फळीत उतरतं आणि तिथून तरफेच्या घोडीत जातं. तरफेच्या सगळ्याच तारांना हा हलका धक्का बसतो, पण जिचा स्वर जुळतो तीच जोरात थरथरते. झोका त्याच्या लयीतच ढकलला तर उंच जातो, तसंच हे. पुढे वादकाने बोट उचललं तरी तरफ काही क्षण गुणगुणत राहते. सतारीच्या आवाजामागे जो झंकार दरवळत राहतो, त्यात तिचा मोठा वाटा असतो.

म्हणूनच तरफ रागाच्या स्वरांत मिळवतात. यमनातून भैरवात जाताना रिषभ आणि धैवताच्या तारा उतरवाव्या लागतात. इथे तीव्र मध्यमाची तारही शुद्ध मध्यमात आणावी लागते. पडद्यांचं काम न लागलेला मध्यम तरफेत असा विसरला जाऊ शकतो. तसं झालं तर षड्ज, गंधार, पंचम छान घुमतात आणि मध्यम वाजला की आवाज कोरडा पडतो. स्वर चुकलेला नसतो, त्याला साथ देणारी तार तिथे नसते.

म्हणून क्रमही ठरलेला असतो. आधी वाजवायच्या तारा, मग पडदे, शेवटी तरफ. पडद्यावर स्वर वाजवायचा आणि करंगळीच्या नखाने तरफेची तार छेडून ती त्याच्याशी जुळवायची. दोन स्वर थोडे वेगळे असतील तर आवाज कमी-जास्त होत हेलकावे खातो. जुळत येताना हेलकावे सावकाश होतात आणि थांबले की तार लागली.

मोबाइलच्या ट्यूनरवर भागतं का?

अर्धवट. बहुतेक ट्यूनर अॅप सप्तकाचे १२ सारखे भाग पाडतात. तानपुऱ्याच्या षड्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो या अॅपच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो. वरच्याच सतारीवर हा फरक पडद्याच्या जागेत मोजला तर जवळपास ४ मिलिमीटर भरतो. कानाला तो जाणवतो.

यात आणखी एक अडचण आहे. पडद्यावर दाबलेली तार ओढून स्वर फक्त वर नेता येतो, खाली आणता येत नाही. पडदा थोडा उतरलेला असेल तर वादक किंचित ओढून भागवू शकतो. चढलेला असेल तर वाजवताना उपाय नाही. त्यामुळे अॅपवर षड्ज लावून घ्यावा आणि बाकीचे स्वर तानपुऱ्याशी कानाने जुळवावेत, हे जास्त खात्रीचं.

दोष कुठे आहे हे कसं ओळखायचं?

बाजाच्या तारेवर एक स्वर वाजवून ती हाताने लगेच थांबवा. मागे स्पष्ट गुंजन उरलं तर त्या स्वराची तरफ लागलेली आहे. काहीच उरलं नाही, तर खाली वाकून तरफेची तार छेडून पाहा. ती बेसूर असेल तर खुंटी पिळा. एकच पडदा वाजवताना खरखरत असेल, तर त्याचा दोरा सैल झाला आहे का किंवा तो तिरका बसला आहे का ते आधी तपासा. सगळ्याच पडद्यांवर आवाज मिटलेला किंवा फाटका येत असेल, तर दोष बहुधा मुख्य घोडीच्या जवारीत असतो. जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याचा अगदी सौम्य उतार. तिथे तार घासली जाऊन सतारीचा झणझणीत आवाज येतो. वर्षभर वाजवल्यावर तिथे खाचा पडतात. हे काम घरी करण्याचं नाही. एक-दोन वेळा जास्त घासलं गेलं तर घोडीचा आकारच बिघडतो. त्यासाठी सतार कारागिराकडे न्यावी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी आजही अनेक जण मिरज गाठतात. तिथल्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.