गच्ची गळतेय, पण कोबा सुकलाय का?

पाऊस थांबून महिना झाला तरी वरच्या मजल्याच्या छतावरची ओल हटत नसेल, तर ते पाणी बहुधा कोब्यात साठलेलं असतं. आपल्याकडच्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा चार-सहा इंच कोबा असतो. भेगेतून शिरलेलं पाणी तो धरून ठेवतो आणि सावकाश खाली सोडतो. वरून काय लावायचं, हे या ओलीवरच ठरतं.

ती तपासायला खर्च नाही. दोन फूट चौरस जाड प्लास्टिक गच्चीवर पसरून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला थेंब जमले असतील, तर कोबा ओला आहे.

अशा कोब्यावर मेम्ब्रेन नको. पॉलिमर मिसळलेल्या डांबराचा हा तीन-चार मिलिमीटर जाड पत्रा गॅसच्या ज्योतीने वितळवून चिकटवतात. मग उन्हात कोब्यातल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि पत्रा फुगतो. फुगा फाटला की पाणी पत्र्याखालून कुठेही जातं आणि गळती नेमकी कुठून होतेय ते सापडत नाही. कोरड्या, सपाट गच्चीवर मात्र मेम्ब्रेन उत्तम. भेगा थोड्या हलल्या तरी ते ताणलं जातं. फक्त दोन पत्र्यांचा जोड दहा सेंटिमीटर एकमेकांवर हवा, आणि वर उन्हापासून संरक्षण हवं.

सिमेंटयुक्त लेपाला, म्हणजे पावडर आणि द्रव पॉलिमर कालवून ब्रशने लावायच्या कोटिंगला, किंचित दमट पृष्ठभाग चालतो. शिवाय त्यातून वाफ बाहेर पडू शकते. दोन हात मारायचे, दुसरा पहिल्याला आडवा. पण हा थर जेमतेम मिलिमीटरभर असतो; मोठ्या, हलत्या भेगा तो झाकू शकत नाही. सतत वावर असेल तर त्यावर सिमेंट-वाळूचा थर घालावा लागतो.

नुसतं डांबर उघड्या गच्चीवर टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाने ते मेमध्ये चिकट होतं, पुढे कडक होऊन तडकतं. वर, त्यावर नंतर सिमेंटचा लेप धरत नाही. सगळं खरवडून काढावं लागतं.

समजा, हजार चौरस फुटांची सोसायटीची गच्ची आहे, कोबा ओला आहे, एका कोपऱ्यात तळं साचतं आणि कठड्याचा सांधा उघडलाय. आधी हातोडीने ठोकून पोकळ वाजणारा कोबा काढा. नवा उतार शंभराला एक ठेवा, म्हणजे सहा मीटरला सहा सेंटिमीटर. कठड्याच्या कडेला गोलसर वाटा करून त्यावर जाळी बसवा. मग सिमेंटयुक्त लेप द्या. तो नीट सुकला की पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत 48 तास पाणी भरून ठेवा. ठेकेदाराचं शेवटचं बिल या चाचणीनंतरच द्यावं.