मध्ययुगातील पाखंड : लेखांक ४
परवानगीविना प्रवचन

गेल्या लेखांकातले कॅथर चर्चला का खुपले, हे समजायला फार कष्ट पडत नाहीत. हे दृश्य जग सैतानाने घडवले, असे ते मानत. मग देव देह धारण करतो हे खोटे, पाण्याचा बाप्तिस्मा निरुपयोगी आणि मिस्सातली भाकर म्हणजे नुसती भाकर. त्यांच्यातल्या ‘भल्या माणसांनी’ डोक्यावर हात ठेवून दिलेली एकच दीक्षा आत्म्याला सोडवू शकते, अशी त्यांची श्रद्धा. त्यांची संघटना खरोखर किती बांधीव होती, यावर आजचे इतिहासकार भांडतात. पण निदान शिकवण म्हणून पाहिले, तर तिने पाद्र्याला काही कामच ठेवले नव्हते.

वाल्देन्सींचे कोडे अवघड आहे. त्यांचा देव चर्चचाच होता, बायबलही तेच होते. तरी १२व्या शतकाच्या अखेरीस ते कॅथरांच्याच यादीत जाऊन बसले.

सुरुवात लियाँ शहरात झाली. वाल्देस नावाच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याने ११७३च्या सुमारास आपली संपत्ती वाटून टाकली. त्याला लॅटिन येत नव्हते, म्हणून त्याने दोन धर्मपंडितांना पैसे देऊन शुभवर्तमाने लोकभाषेत उतरवून घेतली. तोपर्यंत कुणाची हरकत नव्हती. श्रीमंताने फकिरी पत्करणे हे पुण्यकर्मच. पण ऐकलेला मजकूर तोंडपाठ करून वाल्देस आणि त्याचे सोबती चौकात उभे राहून बोलू लागले. त्यांच्यात बायकाही होत्या.

११७९मध्ये रोमला तिसरी लॅटरन परिषद भरली, तेव्हा ही मंडळी स्वतः होऊन मंजुरी मागायला गेली. तिथे वॉल्टर मॅप या इंग्लिश पाद्र्याने त्यांची परीक्षा घेतल्याचे त्यानेच लिहून ठेवले आहे. पित्यावर विश्वास आहे? आहे. पुत्रावर? आहे. पवित्र आत्म्यावर? आहे. आणि ख्रिस्ताच्या मातेवर? त्यावरही आहे. सभा खो खो हसली. विश्वास ठेवायचा तो त्रैक्यावर. मारियेला त्याच पंक्तीत बसवणे ही धर्मशास्त्रातली कच्ची चूक. मॅपची लेखणी तिरकस होती, तेव्हा प्रसंग थोडा रंगवलेला असेल. पण त्याच लेखनात त्याने भीतीही बोलून दाखवली आहे: आज हे लोक नम्र दिसतात, पण एकदा आत घेतले तर आपल्यालाच बाहेर काढतील.

पोप तिसऱ्या अलेक्झांडरने त्यांच्या दारिद्र्यव्रताला मान्यता दिली. प्रवचनाला मात्र अट घातली: स्थानिक पाद्र्याने बोलावले तरच.

ही अट किरकोळ वाटते, पण सगळा वाद तिच्यातच आहे. येशूने प्रेषितांना पाठवले, प्रेषितांनंतर बिशप आले, आणि बिशप पाद्र्यांना पाठवतो. बोलण्याचा अधिकार या साखळीतून येतो, असे चर्च मानत असे. वाल्देसचे म्हणणे, आपल्याला थेट देवाने पाठवले. हे एकदा मान्य केले तर बिशपचे पद नुसते शोभेचे उरते. शिवाय हे लोक अनवाणी किंवा साध्या चपलांत गावोगाव हिंडत. त्यांच्याकडे पाहून लोकांना आपला जमीनजुमलावाला पाद्री आठवला नसेल, हे मला तरी पटत नाही.

थोड्याच वर्षांत लियाँच्या आर्चबिशपने प्रवचनबंदी केली. त्यांनी ती पाळली नाही, तेव्हा त्यांना शहराबाहेर काढले. ११८४मध्ये व्हेरोना इथे पोप तिसऱ्या ल्युशियसने सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या उपस्थितीत फर्मान काढले. त्यात ‘लियाँचे गरीब’ कॅथरांच्या बरोबरीने शापित ठरले. पुढचे कलम तर अधिक बोलके आहे: मनाई असताना किंवा कुणी पाठवलेले नसताना जो उघड वा खाजगीत प्रवचन करील, तोही शापित. मग तो काय बोलतो, हा प्रश्न उरला नाही.

शिक्कामोर्तब झाल्यावर माणसे त्या शिक्क्याकडे सरकत गेली. बहिष्कृत वाल्देन्सींपैकी अनेकजण म्हणू लागले की पापी पाद्र्याने दिलेला संस्कार फळत नाही, आणि सज्जन गृहस्थही पापनिवेदन ऐकू शकतो. शपथ घ्यायलाही ते नकार देत, कारण येशूने ती निषिद्ध ठरवली होती. इथे सरंजामदारही बिथरले. जहागीर, निष्ठा, कोर्टातली साक्ष, सारे शपथेवर चालत होते. पुढे इन्क्विझिशनच्या अधिकाऱ्यांना ही आयतीच कसोटी मिळाली: संशयिताला शपथ घ्यायला सांगायचे आणि तो कसा चुळबुळतो ते पाहायचे.

दुरान्द द ओस्का या वाल्देन्सी प्रवचनकाराचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. पंथात असतानाच त्याने कॅथरांचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला होता; म्हणजे चर्च ज्यांना एका दोरीत बांधत होते, ते प्रत्यक्षात एकमेकांशी वाद घालत होते. १२०७मध्ये पामिये इथल्या जाहीर वादानंतर तो चर्चकडे परतला. पोप तिसरा इनोसंट धोरणी होता. १२०८मध्ये त्याने दुरान्दला दारिद्र्य आणि प्रवचन दोन्हींची मुभा दिली. आज्ञाधारकपणाच्या अटीवर काम तेच राहिले, फक्त पाठवणारा बदलला. एक-दोन वर्षांनी आसिसीच्या फ्रान्सिसलाही त्याच पोपने तोंडी मान्यता दिली.

दक्षिण फ्रान्समधल्या बिशपांना मात्र ही सोय रुचली नाही. दुरान्दची माणसे अजून जुन्याच वेशात फिरतात, अशा तक्रारी ते रोमला पाठवत राहिले.