पैसे जमा झाले, पण कोणत्या बिलाचे?

सांगलीच्या मार्केट यार्डात शेतकऱ्याची हळद विकली गेली की अडत्या त्याच्या हातात पट्टी देतो. वजन किती भरले, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली आणि हातात किती पडले, हे सगळे त्या एका कागदावर असते. पट्टी न देता नुसते पैसे दिले, तर शेतकरी ते मुकाट्याने घेणार नाही. तीच हळद पुढे व्यापाऱ्याकडून पुण्या-मुंबईच्या मसाला मिलला जाते, तेव्हा मात्र लाखांच्या रकमा पट्टीशिवाय येतात आणि पेढीवर कोणी हूं की चूं करत नाही. मिलने पाठवायच्या या पट्टीला पेमेंट ॲडव्हाइस म्हणतात. ती मागण्याबद्दल सांगली-साताऱ्याच्या पेढ्यांवर आणि कारखान्यांत काही समज पक्के बसले आहेत. त्यातले बहुतेक चुकीचे आहेत.

गैरसमज : यूटीआर नंबर आला, म्हणजे सगळे कळले

यूटीआर हा त्या एका व्यवहाराचा नंबर आहे. एनईएफटीचा १६ अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा २२. आरटीजीएसच्या नंबरात पाठवणाऱ्या बँकेची चार अक्षरे आणि पैसे निघाल्याची तारीखही वाचता येते. यापलीकडे तो काही सांगत नाही. पैसे कोणत्या बिलाचे, त्यातून काय कापले, पुढच्या मालाची उचल धरली आहे का, याचा त्यात मागमूस नसतो. बँकेच्या उताऱ्यावर पाठवणाऱ्याचे नाव दिसते, पण एकाच घराण्याच्या दोन-तीन फर्म असल्या की माल एकीने घेतलेला आणि पैसे दुसरीच्या खात्यातून आलेले, असेही घडते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ही रक्कम तुमचीच ना, आणि कोणत्या फर्मच्या वतीने?

व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट तर याहून कच्चा पुरावा. पैसे पाठवण्याची सूचना बँकेला दिली, एवढेच तो दाखवतो. आपल्या खात्यात रक्कम दिसेपर्यंत पावती फाडू नये.

गैरसमज : फरक किरकोळ आहे, वटावात टाकून द्या

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होते, म्हणून इथे एक हिशेब पूर्ण मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण कपातीची रीत बाजारातलीच आहे.

सांगलीच्या एका व्यापाऱ्याने पुण्याच्या मिलला राजापुरी हळदीच्या दोन गाड्या पाठवल्या. बिल क्रमांक ४१ शंभर क्विंटलचे, भाव १४,००० रुपये. मालाची किंमत १४,००,००० आणि ५ टक्के जीएसटीसह बिल १४,७०,०००. बिल क्रमांक ४७ ऐंशी क्विंटलचे, भाव १४,२००. किंमत ११,३६,००० आणि जीएसटीसह ११,९२,८००. दोन्ही मिळून २६,६२,८०० रुपये येणे. मार्चमध्ये आरटीजीएसने जमा झाले २६,५१,३१८. फरक ११,४८२ रुपयांचा.

दिवाणजी म्हणतो, साडेसव्वीस लाखांत अकरा हजार गेले, वटाव धरा आणि दोन्ही बिले मिटवा. प्रत्यक्षात त्या ११,४८२ मध्ये वटावाचा एक रुपयाही नव्हता.

त्यातले २,५३६ रुपये टीडीएसचे. ज्या खरेदीदाराची आदल्या वर्षीची उलाढाल १० कोटींच्या वर आहे, त्याने एका विक्रेत्याकडून वर्षात ५० लाखांपेक्षा जास्त माल घेतला, तर ५० लाखांपुढच्या खरेदीवर ०.१ टक्का टीडीएस कापायचा, हा नियम १ जुलै २०२१ पासून आहे. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो सोडून मालाच्या किमतीवर कपात होते. या मिलची खरेदी ५० लाखांच्या पुढे गेलेलीच होती. हा पैसा व्यापाऱ्याच्या नावावर सरकारात भरलेला आहे. तो त्याच्याच आयकरातून वळता व्हायचा असतो. वटावात टाकला की वहीत तो खर्च दिसतो, आणि विवरणपत्रात मागायचे राहून जाते.

उरलेले ८,९४६ रुपये घटीचे. मिलच्या काट्यावर दुसरी गाडी ६० किलो कमी भरली. त्याचे ८,५२० रुपये आणि त्यावरचा जीएसटी ४२६. मिलने डेबिट नोट केली, पण ती सांगलीला पोहोचलीच नाही. घट मान्य करायची की वाद घालायचा, हे ठरवण्याची संधीसुद्धा व्यापाऱ्याला मिळाली नाही. घट एका गाडीत आली तर ती वाळण्याची असू शकते. पण प्रत्येक गाडीत तेवढीच येऊ लागली, तर दोन काट्यांतला फरक तपासायला हवा. हे नोंद वेगळी ठेवली तरच लक्षात येते, वटावाच्या खात्यात ते बुडून जाते.

ॲडव्हाइस नसताना हा उलगडा करायची एक वाट आहे. प्राप्तिकर पोर्टलवरच्या २६एएसमध्ये या मिलने किती रकमेवर कर कापला, ते दिसते. तिथे २५,३६,००० दिसले, तर १४,००,००० अधिक ११,३६,०००, म्हणजे ४१ आणि ४७ हीच बिले धरली आहेत हे कळते. पण ही वाट उशिराची आहे. मिलने तिमाहीचे विवरणपत्र भरल्यावरच ती नोंद उमटते, आणि जानेवारी ते मार्च या तिमाहीची मुदत ३१ मे असते. नव्या हळदीचा जोर नेमका याच महिन्यांत. त्यामुळे ३१ मार्चचा मेळ घालताना २६एएस कामाला येत नाही, मिलचा कागदच लागतो.

गैरसमज : त्यांनी डेबिट नोट काढली, आता आपला जीएसटी आपोआप कमी होईल

होत नाही. विक्रेत्याचा कर कमी करायला विक्रेत्यानेच क्रेडिट नोट काढावी लागते, आणि खरेदीदाराने तेवढे इनपुट क्रेडिट उलटवावे लागते. ज्या आर्थिक वर्षातली विक्री, ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर तोपर्यंतच, ती नोट रिटर्नमध्ये दाखवता येते. वरच्या उदाहरणात रक्कम ४२६ आहे. दर्जावरून क्विंटलमागे पाचशे कापले गेले, तर शंभर क्विंटलच्या एका गाडीत ती २,५०० होते. म्हणून ॲडव्हाइससोबत डेबिट नोटची प्रत मागायचीच.

गैरसमज : काही कळवले नाही, तर रक्कम सर्वांत जुन्या बिलालाच लावावी लागते

१८७२ च्या करार कायद्यात यावर सरळ तीन कलमे आहेत, ५९ ते ६१. देणेकऱ्याने पैसे देताना ते कोणत्या देण्याचे हे सांगितले, किंवा परिस्थितीवरून ते स्पष्ट होत असले, आणि आपण पैसे घेतले, तर ते त्याच देण्याला लावावे लागतात. त्याने काही सांगितले नाही, तर निवड विक्रेत्याची. कायदेशीर आणि देय झालेल्या कोणत्याही बाकीला, अगदी मुदतबाह्य झालेल्या बाकीलासुद्धा, ती रक्कम लावता येते. दोघांनीही काही ठरवले नाही, तरच तारखेच्या क्रमाने जुने आधी.

म्हणजे ॲडव्हाइस आली नाही, तर आपला हक्क जात नाही, उलट निवड आपल्याकडे येते. पण ती केली तर लगेच लेखी कळवावी. नाहीतर आपल्या वहीत ४१ मिटलेले, मिलच्या वहीत ४७, आणि पुढच्या वर्षी दोघेही आपापल्या जागी खरे. टॅलीत रक्कम `Agst Ref` न लावता `On Account` टाकून ठेवली, तरी हेच होते. एकूण बाकी बरोबर दिसते, पण दोन्ही बिले थकीतच राहतात आणि मिटलेल्या बिलासाठी वसुलीचा फोन जातो.

गैरसमज : मोठ्या कंपन्या ॲडव्हाइस पाठवतच नाहीत

सातारा एमआयडीसीतल्या मशिनशॉपवाल्यांकडून हे फार ऐकू येते. बऱ्याच मोठ्या कंपन्यांची प्रणाली पैसे सोडताक्षणी ॲडव्हाइसचा ईमेल पाठवते. तो व्हेंडर नोंदणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर जातो, आणि तो पत्ता कधीकाळी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो. तक्रार करण्याआधी कंपनीकडे आपला कोणता ईमेल नोंदवला आहे, ते विचारा. जॉबवर्कच्या बिलांत तर हे अधिकच गरजेचे, कारण तिथे टीडीएस मालक व्यक्ती असेल तर १ टक्का आणि भागीदारी किंवा कंपनी असेल तर २ टक्के असतो, आणि रिजेक्शनची कपात त्याच रकमेत मिसळून येते.

गैरसमज : आपण परत पाठवलेले पैसे त्यांना मिळालेच असणार

मिलने चुकून एकच बिल दोनदा भरले आणि आपण जादा रक्कम परत केली, तर पोच मागायची पाळी उलटी येते. आपल्या खात्यातून पैसे गेले, एवढ्याने मिलच्या वहीत नोंद होत नाही. तिथल्या लेखनिकाला पुरवठादाराकडून पैसे येण्याची सवय नसते, ती रक्कम ओळख न पटलेल्या जमेत पडून राहते, आणि वर्षाअखेरीस मिल तेवढे येणे आपल्याकडे दाखवते. रक्कम मिळाली आणि कोणत्या बिलाच्या जादा भरण्यापोटी जमा धरली, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. परतावा नेहमी पैसे आले त्याच खात्यात करावा. फोनवर किंवा नव्या ईमेलवरून दुसरे खाते सांगितले, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावून खातरी करावी.

गैरसमज : असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे

भाषा नेमकी असली की अविश्वास वाटत नाही. वरच्या व्यवहारासाठी एवढे पुरेल :

“१८ मार्च रोजी आमच्या खात्यात आरटीजीएसने रु. २६,५१,३१८ जमा झाले आहेत, आभारी आहोत. यूटीआर खाली दिला आहे. ही रक्कम आपणच पाठवली असल्याचे कळवावे, आणि ती कोणत्या बिलांपोटी आहे, प्रत्येक बिलातून टीडीएस, घट, वटाव वा अन्य कपात किती, याची पेमेंट ॲडव्हाइस डेबिट नोटच्या प्रतीसह पाठवावी. आमच्या वहीप्रमाणे बिल क्र. ४१ व ४७ मिळून रु. २६,६२,८०० येणे होते, रु. ११,४८२ चा फरक आहे. तपशील न आल्यास ही रक्कम प्रथम बिल क्र. ४१ ला व उरलेली ४७ ला जमा धरू.”

यात आधी पोच आहे, मग प्रश्न, मग आपला आकडा. आपला आकडा दिल्यामुळे समोरच्याला सगळी वही चाळावी लागत नाही, तो फक्त फरक शोधतो. शेवटच्या वाक्यामुळे उत्तर आले नाही तरी आपली निवड कागदावर राहते.

हे पत्र पैसे जमा होतील त्याच दिवशी पाठवा. त्या वेळी मिलच्या लेखनिकासमोर ते व्हाउचर उघडे असते आणि तो दोन मिनिटांत तपशील देऊ शकतो. एप्रिलमध्ये ऑडिटसाठी सगळ्याच पेढ्यांची पत्रे एकदम त्याच्या टेबलावर जातात.