अधिक-उण्यापुढचा आकडा

भंडारा जिल्ह्यात धानाच्या लागवडीवर छोटे छोटे प्रयोग सतत चालू असतात. दहा-पंधरा शेतकऱ्यांच्या बांध्यांमध्ये नव्या पद्धतीने रोवणी करायची, बाजूला रूढ पद्धतीने, आणि मळणीनंतर दोन्हींचे उत्पादन मोजायचे. निष्कर्ष शेवटी एका पानाच्या सारांशात येतो. ते पान वाचणारे बहुतेक जण दोन सरासऱ्या पाहतात आणि ‘फरक लक्षणीय आहे’ या वाक्यावर थांबतात. पण त्याच पानावर आणखी तीन-चार आकडे असतात आणि ते एकमेकांशी बांधलेले असतात. एक आकडा हाती असला की दुसरा काय असायला हवा, हे मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर काढता येते. मूळ नोंदवही बघायची गरज पडत नाही.

एक नमुना घेऊ. तो या लेखासाठी रचलेला आहे, कुठल्याही अहवालातला नाही. सारांश असा: ‘प्रत्येक गटात १६ शेतकरी. नव्या पद्धतीत धानाचे उत्पादन हेक्टरी ४२.६ ± १.६० क्विंटल, रूढ पद्धतीत ३८.१ ± १.४५ क्विंटल. सरासरीतील फरक ४.५ क्विंटल, ९५ टक्के विश्वास अंतराल ०.१ ते ८.९, टी-मूल्य २.०८, पी-मूल्य ०.०१ पेक्षा कमी.’

आधी विश्वास अंतराल पाहू, कारण त्यात सर्वात जास्त माहिती असते. फरकाचे अंतराल फरकाच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असायला हवे. ०.१ आणि ८.९ यांचा मध्य ४.५ येतो, म्हणजे इथवर ठीक. अंतरालाची एकूण रुंदी ८.८, निम्मी ४.४. दोन्ही गट मिळून ३२ शेतकरी, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम ३०, आणि त्यासाठी टी-तक्त्यातला ५ टक्क्यांचा आकडा २.०४. मोठ्या नमुन्यासाठीचा १.९६ इथे चालत नाही. ४.४ ला २.०४ ने भागले की फरकाची प्रमाण त्रुटी मिळते, सुमारे २.१६. आता ४.५ भागिले २.१६ म्हणजे २.०८. छापलेले टी-मूल्यही तेच आहे. अंतराल, फरक आणि टी-मूल्य या तिघांचे पटते.

आता ± कडे येऊ. या चिन्हापुढचा आकडा प्रमाण विचलन असू शकतो किंवा सरासरीची प्रमाण त्रुटी असू शकते, आणि बरेच लेखक ते सांगतच नाहीत. प्रमाण विचलन म्हणजे एका शेतकऱ्यापासून दुसऱ्या शेतकऱ्यापर्यंत उत्पादन किती हलते. प्रमाण त्रुटी म्हणजे सरासरी स्वतः किती डळमळीत आहे. प्रमाण विचलनाला नमुन्याच्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी मिळते. इथे १६ चे वर्गमूळ ४.

± पुढचे आकडे प्रमाण विचलन आहेत असे समजून हिशेब करू. दोघांचे वर्ग २.५६ आणि २.१०, बेरीज ४.६६. तिला १६ ने भागून वर्गमूळ घेतले की ०.५४. मग टी-मूल्य ४.५ भागिले ०.५४, म्हणजे ८.३ यायला हवे होते. छापले आहे २.०८. बरोबर चौपटीचा फरक, आणि ४ हेच तर १६ चे वर्गमूळ! नमुन्याच्या वर्गमुळाइतकी तफावत दिसली की उत्तर जवळजवळ नक्की असते: ± पुढे प्रमाण त्रुटी आहे. खरी प्रमाण विचलने ६.४ आणि ५.८ आहेत.

हे शेतीच्या अंगानेही पटते. प्रमाण विचलन १.६ असते तर साधारण दोन तृतीयांश शेतकऱ्यांचे उत्पादन ४१ ते ४४.२ क्विंटलमध्ये बसले असते. मामा तलावाचे पाणी मिळणारी बांधी आणि केवळ पावसावर अवलंबून असलेली बांधी एकाच गटात असताना इतकी एकसारखी मळणी होत नाही. आकड्यांची तपासणी करताना धुऱ्यावर उभे राहून विचार करण्याची सवय फार उपयोगी पडते.

आतापर्यंतची चूक ± चा अर्थ न सांगण्याची होती, निष्कर्षाची नव्हती. पी-मूल्याचे तसे नाही. ३० डिग्री ऑफ फ्रीडमला पी-मूल्य ०.०१ पेक्षा कमी यायचे तर टी-मूल्य किमान २.७५ लागते. २.०८ ला पी-मूल्य ०.०४६ च्या आसपास येते. अंतरालावरूनही हे कळते: त्याचे खालचे टोक शून्याला जेमतेम चुकवते, म्हणजे पी-मूल्य ०.०५ च्या जेमतेम आत असणार. ‘०.०१ पेक्षा कमी’ हा दावा इथे टिकत नाही.

पण चूक सापडली असे म्हणण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, पूर्णांकन. ४२.६ म्हणजे ४२.५५ ते ४२.६५ मधले काहीही. दोन्ही सरासऱ्यांचे असे धरले तर फरक ४.४ ते ४.६ मध्ये कुठेही असू शकतो आणि टी-मूल्य २.०४ ते २.१३ मध्ये. त्यामुळे २.०८ ऐवजी २.१० छापले असेल तर त्यावर भांडू नये. २.७५ मात्र या पट्ट्यात येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: बांध्या जोडीच्या होत्या का? एकाच शेतकऱ्याच्या शेतात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लावल्या असतील, तर ज्याची जमीन चांगली त्याचे दोन्ही आकडे चढे येतात. मग हिशेब प्रत्येक शेतकऱ्याच्या स्वतःच्या फरकावर होतो आणि प्रमाण त्रुटी खूप लहान होऊ शकते. ६.४ आणि ५.८ या प्रमाण विचलनांसोबत टी-मूल्य ५ आले, तरी ते प्रामाणिक असू शकते. त्यासाठी दोन बांध्यांच्या उत्पादनांत ०.८३ इतका सहसंबंध लागेल, आणि एकाच शेतात तो अशक्य नाही. ओळखायची खूण म्हणजे डिग्री ऑफ फ्रीडम. सोळा जोड्या असतील तर ते १५, स्वतंत्र गट असतील तर ३०. जोडीचा प्रयोग केवळ गटांच्या प्रमाण विचलनांवरून तपासता येत नाही; फरकांचे प्रमाण विचलन मागावे लागते.

कृषी विद्यापीठांच्या तक्त्यांत हेच नाते वेगळ्या वेषात दिसते. खाली ‘एस.ई.(एम) ±’ आणि ‘सी.डी. ५ टक्के’ अशा दोन ओळी असतात. पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकावर शिकलेल्या पिढ्यांना ही मांडणी पाठ आहे. सी.डी. म्हणजे एस.ई.(एम) गुणिले १.४१ गुणिले टी-तक्त्यातला आकडा. बारा डिग्री ऑफ फ्रीडमला हे गुणोत्तर ३.०८ येते, विसाला २.९५, आणि कितीही वाढवले तरी २.७७ च्या खाली जात नाही. सी.डी. जेमतेम दुप्पट दिसली, तर एस.ई.(एम)च्या नावाखाली बहुधा फरकाची प्रमाण त्रुटी छापली गेली आहे.

अशा विसंगती दुर्मीळ नाहीत. मिशेल नाउटेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मानसशास्त्राच्या आठ नियतकालिकांतील निबंध संगणकाकडून तपासून घेतले. निम्म्या निबंधांत किमान एक पी-मूल्य स्वतःच्याच टी किंवा एफ मूल्याशी जुळत नव्हते, आणि दर आठांपैकी एकात ही चूक निष्कर्ष बदलेल एवढी होती. त्यातली बरीच नक्कल करताना झालेली असावी. लबाडीचा निष्कर्ष लगेच काढू नये. उलट, सगळे आकडे जुळले म्हणून प्रयोग खरा ठरत नाही, कारण बनावट आकडेही काळजीपूर्वक जुळवता येतात.

तेव्हा पुढच्या हंगामात असा सारांश हाती आला, तर तो लिहिणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: ± पुढे काय आहे, आणि बांध्या जोडीच्या होत्या का? उरलेला हिशेब तुम्ही स्वतः करू शकता.