मुलाखतीतले चार प्रश्न आणि एक ग्रेडियंट

डीप लर्निंगच्या नोकरीसाठीच्या मुलाखतीत चार प्रश्न हटकून येतात. बॅकप्रोपगेशन म्हणजे काय, ग्रेडियंट नाहीसा का होतो, बॅच नॉर्मलायझेशन नेमकं काय करतं आणि लॉस फंक्शन कसं निवडायचं. बहुतेक उमेदवार या चारांची चार स्वतंत्र उत्तरं पाठ करून जातात. प्रत्यक्षात चारही प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात. उत्तर चुकलं ही बातमी नेटवर्कच्या शेवटच्या टोकाकडून पहिल्या थरापर्यंत किती शाबूत पोचते, ही ती गोष्ट. या बातमीलाच ग्रेडियंट म्हणतात.

न्यूरल नेटवर्क म्हणजे एकामागोमाग मांडलेले गणिती थर. प्रत्येक थर आलेल्या आकड्यांना आपल्या वेटने गुणतो, त्यांची बेरीज करतो, ती एका वक्र फंक्शनमधून काढतो आणि पुढे देतो. शेवटी जे उत्तर येतं ते खऱ्या उत्तरापासून किती लांब आहे, हे सांगणारा एकच आकडा म्हणजे लॉस. शिकणं म्हणजे लॉस कमी होईल अशा दिशेने प्रत्येक वेट थोडं थोडं हलवणं. वेट लाखांनी किंवा कोटींनी असतात, त्यामुळे एकेक हलवून पाहणं शक्य नसतं. प्रत्येक वेटचा लॉसवर किती परिणाम होतो ते एकाच उलट्या फेरीत मोजण्याची रीत म्हणजे बॅकप्रोपगेशन. या हिशोबाचं सर्वसाधारण गणित फिनलंडच्या सेप्पो लिन्नाइनमा यांनी १९७० मध्ये मांडलं होतं. न्यूरल नेटवर्कच्या जगात ते रुजलं ते रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या ‘नेचर’मधल्या लेखामुळे.

चांगला मुलाखतकार व्याख्येवर थांबत नाही. तो कागद पुढे सरकवतो आणि सर्वांत लहान नेटवर्कचा हिशोब करायला सांगतो. समजा दोन थर आहेत, प्रत्येकात एकच न्यूरॉन, आणि दोन्हीकडे सिग्मॉइड. सिग्मॉइड हे कोणत्याही आकड्याला ० ते १ च्या दरम्यान आणून बसवणारं फंक्शन. आत येणारा आकडा १, पहिलं वेट ०.५, दुसरं वेट १ आणि अपेक्षित उत्तर १. पुढे जाताना पहिला न्यूरॉन ०.५ चं सिग्मॉइड काढतो, ते ०.६२२ येतं. दुसरा त्याला १ ने गुणून पुन्हा सिग्मॉइड काढतो आणि उत्तर येतं ०.६५१. चूक झाली ०.३४९. चुकीच्या वर्गाचं अर्ध म्हणजे लॉस, असं इथे धरलं आहे.

आता उलटा प्रवास. शेवटी चुकीचा आकडा आहे −०.३४९. तो दुसऱ्या सिग्मॉइडमधून मागे येताना त्या फंक्शनच्या त्या ठिकाणच्या उताराने गुणला जातो. सिग्मॉइडचा उतार काढायला सोपा आहे: उत्तर गुणिले एक वजा उत्तर, म्हणजे ०.६५१ × ०.३४९, साधारण ०.२२७. उरलं −०.०७९. दुसऱ्या वेटचा ग्रेडियंट हवा असेल तर याला त्या वेटकडे आलेल्या ०.६२२ ने गुणायचं: −०.०४९. पहिल्या वेटपर्यंत पोचायचं तर तोच −०.०७९ आधी दुसऱ्या वेटने, मग पहिल्या सिग्मॉइडच्या उताराने म्हणजे ०.२३५ ने, आणि शेवटी आत आलेल्या १ ने गुणायचा. उत्तर −०.०१९. लर्निंग रेट १ धरला तर वेट ०.५१९ आणि १.०४९ होतात, आणि त्याच आकड्यावर नेटवर्कचं उत्तर ०.६५१ वरून ०.६५९ वर सरकतं. एक पाऊल पडलं. यात एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. पुढे जाताना काढलेले ०.६२२ आणि ०.६५१ हे आकडे मागे येताना पुन्हा लागले. प्रशिक्षणाला मेमरी इतकी का लागते, या पुढच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर इथेच आहे: प्रत्येक थराचा आकडा परतीच्या फेरीपर्यंत जपून ठेवावा लागतो.

दुसरा प्रश्नही याच हिशोबातून उगवतो. पहिल्या वेटला मिळालेली बातमी दुसऱ्या वेटच्या निम्म्याहून कमी आहे आणि थर तर दोनच आहेत. सिग्मॉइडचा उतार कुठेही ०.२५ च्या वर जात नाही. वेट एकच्या आसपास असतील तर दर थरामागे ग्रेडियंटचा फार तर चौथा हिस्सा मागे जातो. दहा थरांत ०.२५ चा दहावा घात, म्हणजे साधारण दहा लाखांतला एक भाग उरतो. पहिले थर जागचे हलतच नाहीत, आणि त्यांच्या कच्च्या आकड्यांवर पुढचे थर कसेबसे शिकत राहतात. झेप होखरायटर यांनी म्युनिकच्या तंत्र विद्यापीठातल्या १९९१ च्या आपल्या जर्मन प्रबंधात ही अडचण नेमकेपणाने मांडली. याची उलट बाजूही आहे. वेट मोठे असले तर हाच गुणाकार फुगत जातो आणि लॉसच्या जागी पडद्यावर `nan` उमटतं. ते लगेच दिसतं. नाहीसा होणारा ग्रेडियंट मात्र गुपचूप नुकसान करतो, कारण लॉस थोडा उतरून एका पातळीवर बसतो आणि प्रशिक्षण चालू असल्यासारखं भासतं. खात्री करायची तर प्रत्येक थराच्या ग्रेडियंटचा आकार छापून पाहावा. शेवटच्या थरात ०.०१ आणि पहिल्यात ०.००००००१ दिसलं की निदान झालं.

यावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे सिग्मॉइड काढून तिथे रेलू बसवणं. धन आकडा आला तर तो तसाच पुढे जातो, ऋण आला तर शून्य होतो. धन बाजूला उतार १ असल्याने गुणाकार आक्रसत नाही. मात्र एखादा न्यूरॉन कायम ऋण बाजूला अडकला तर त्याचा उतार शून्यच राहतो आणि तो पुन्हा शिकत नाही. सुरुवातीचे वेट थराच्या रुंदीप्रमाणे बेतून निवडणं हा दुसरा उपाय. तिसरा उपाय रेझनेटमधली थर ओलांडून जाणारी जोडणी. २०१५ मध्ये तिच्या जोरावर १५२ थरांचं नेटवर्क उभं राहिलं. रेझनेटने नाहीशा होणाऱ्या ग्रेडियंटचा प्रश्न सोडवला, असं उत्तर सर्रास दिलं जातं, पण ते अपुरं आहे. साधी खोल नेटवर्कं मागे का पडतात याचं कारण नाहीसा होणारा ग्रेडियंट असेल असं वाटत नाही, असं त्या लेखाच्या कर्त्यांनीच नमूद केलं आहे. कारण त्यांच्या साध्या नेटवर्कमध्येही बॅच नॉर्मलायझेशन होतंच.

बॅच नॉर्मलायझेशन २०१५ मध्ये गूगलच्या सर्गेई आयोफे आणि क्रिस्टियन सेगेडी यांनी मांडलं. एका न्यूरॉनकडे चार नमुन्यांसाठी ४, ५, ६ आणि ७ हे आकडे आले असं समजा. ते थेट सिग्मॉइडमध्ये गेले तर ७ पाशी उतार ०.००१ हूनही कमी आणि ४ पाशी ०.०१८. बातमी तिथेच संपली. बॅच नॉर्मलायझेशन आधी त्यांची सरासरी ५.५ वजा करतं आणि प्रमाण विचलन १.१२ ने भागतं. हाती येतात −१.३४, −०.४५, ०.४५ आणि १.३४. आता सर्वांत टोकाच्या आकड्यापाशीही उतार ०.१६ आहे. यानंतर ते आकडे एका वेटने गुणले जातात आणि त्यांत एक आकडा मिळवला जातो. हे दोन्ही नेटवर्क स्वतः शिकतं, म्हणजे गरज पडली तर ते मूळ मापाकडे परतू शकतं. यावर एक खुबीचा उपप्रश्न विचारतात: आधीच्या थरातल्या बायसचं काय? तो निरुपयोगी होतो. सगळ्या नमुन्यांत सारखाच मिळवलेला आकडा सरासरी वजा करताना गळून जातो.

ही युक्ती का चालते याबाबत मात्र पाठ्यपुस्तकी उत्तर डळमळीत आहे. मूळ लेखाचं म्हणणं असं होतं की आधीचे थर बदलत राहिल्याने पुढच्या थराला मिळणाऱ्या आकड्यांची मांडणी सतत सरकते आणि ही युक्ती ते सरकणं थांबवते. २०१८ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी नॉर्मलायझेशननंतर मुद्दाम गोंगाट मिसळून ती मांडणी हलवली, तरीही नेटवर्क जवळपास तितकंच चांगलं शिकलं. त्यांच्या मते लॉसचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि म्हणून मोठी पावलं टाकता येतात. मुलाखतीत ही दोन्ही मतं सांगणारा उमेदवार उजवा ठरायला हवा.

प्रत्यक्ष कामात घोटाळा होतो तो वेगळ्याच जागी. प्रशिक्षणात सरासरी त्या त्या बॅचची असते, वापराच्या वेळी मात्र प्रशिक्षणभर साठवत आणलेली सरासरी घ्यायची असते. पायटॉर्चमध्ये `model.eval()` लिहायचं राहिलं की एकाच चित्राचं उत्तर त्याच्या सोबत कोणती चित्रं आहेत त्यावर बदलू लागतं. बॅच दोन-चार नमुन्यांची असेल तर सरासरीच भरवशाची राहत नाही. तिथे प्रत्येक नमुन्याच्या आतच सरासरी काढणारं लेयर नॉर्मलायझेशन बरं.

लॉस फंक्शनची निवड हा चौथा प्रश्न. नेटवर्कने काय शिकावं हे लॉसच सांगत असतो. पाच घरांची भाडी हजारांत २०, २२, २४, २५ आणि २०९ असतील आणि सर्वांसाठी एकच अंदाज द्यायचा असेल, तर वर्गाचा लॉस ६० हा आकडा निवडतो, कारण ती सरासरी आहे. निरपेक्ष फरकाचा लॉस मध्यक निवडतो, म्हणजे २४. पाचवं घर खरोखरच आलिशान आहे की टंकलेखनातली चूक आहे, यावर निवड अवलंबून. अचूकतेची टक्केवारीच थेट लॉस म्हणून का घेत नाहीत? कारण वेट किंचित हलवल्याने टक्केवारी सहसा बदलत नाही. तिचा उतार जवळजवळ सगळीकडे शून्य असतो.

हो किंवा नाही असं उत्तर हवं असेल तर क्रॉस-एंट्रॉपी घ्यावी. कारण पुन्हा ग्रेडियंटच. खरं उत्तर १ असताना नेटवर्कने ठासून ०.००२५ सांगितलं असं समजा. वर्गाच्या लॉसमध्ये सिग्मॉइडमधून मागे येणारी बातमी सुमारे ०.००२५ एवढीच उरते. जितकी मोठी चूक तितकं कमी शिकणं, असा हा उफराटा प्रकार. क्रॉस-एंट्रॉपीत सिग्मॉइडचा उतार कटून जातो आणि निव्वळ फरक मागे येतो: ०.९९७५, म्हणजे जवळपास चारशेपट. अनेक वर्गांपैकी एकच निवडायचा असेल तर सॉफ्टमॅक्ससह क्रॉस-एंट्रॉपी. एकाच छायाचित्राला अनेक खुणा लागू शकत असतील तर प्रत्येक खुणेसाठी वेगळं सिग्मॉइड.

इथेही एक चूक वारंवार होते. पायटॉर्चच्या `CrossEntropyLoss` मध्ये सॉफ्टमॅक्स आधीच अंतर्भूत आहे, तरीही मॉडेलच्या शेवटी तो वेगळा जोडला जातो.

```
p = torch.softmax(z, dim=1)
loss = F.cross_entropy(p, y)   # चूक
loss = F.cross_entropy(z, y)   # बरोबर
```

चुकीची ओळही चालते आणि कोणतीही सूचना येत नाही. पण सॉफ्टमॅक्सवर पुन्हा सॉफ्टमॅक्स लागल्याने, दहा वर्ग असतील तर अचूक उत्तराचीही संभाव्यता ०.२३ च्या वर जात नाही. लॉस १.४६ च्या खाली उतरणं थांबलं, तर सर्वांत आधी हीच ओळ तपासावी.